यादीतली पहिली किंमत कोण भरतं?

दिवाळीनंतर आईला नागपूरला मावशीकडे जायचं होतं. आमच्या गिरगावातल्या स्वयंपाकघरात ती चकल्या डब्यात भरत होती आणि मी शेजारी बसून मोबाइलवर विमानाचं तिकीट बघत होते. यादीत सर्वांत वरचं तिकीट 4,299 रुपयांचं होतं. तिचे गुडघे दुखतात, म्हणून पॅसेजची सीट घेतली, त्याचे 450. सकाळी घाईत काही खाऊन निघता येणार नाही, म्हणून नाश्त्याचे 400. शेवटच्या पानावर 350 रुपये कन्व्हिनियन्स फी आली. एकूण 5,499. आईने विचारलं, "अगं, मघाशी चार हजार दोनशे म्हणालीस ना?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर "कंपन्या लुटतात" एवढंच दिलं तर खरी गंमत कळत नाही. तो 4,299 चा आकडा खोटा नाही. बारक्या सॅकवर जाणाऱ्या, कुठलीही सीट चालणाऱ्या माणसाला तिकीट जवळपास तेवढ्यातच पडतं. प्रश्न असा की विमानकंपनीला ते तेवढ्यात विकणं परवडतं कसं?

त्यासाठी एक हिशेब मांडू. आकडे मी सोपे करून घेतले आहेत. 180 सीटांचं विमान आहे आणि ते भरलेलं आहे. एका प्रवाशाला नुसतं नेऊन पोचवायला, नेहमीचा नफा धरून, 4,500 रुपये लागतात. एका कंपनीला 'सरळ' म्हणू. ती तिकीट 4,500 ला विकते, सीट निवडायचे पैसे घेत नाही आणि जादा बॅगेचा फक्त खर्च घेते. हा खर्च किती असतो? विमानात वाढवलेल्या वजनाच्या साधारण तीन-चार टक्के इंधन दर तासाला जास्त जळतं. 15 किलोच्या बॅगेसाठी दीड तासाच्या उड्डाणात हे सुमारे एक लिटर होतं. म्हणजे बॅगेचा खर्च शंभर रुपयांच्या आसपास धरायला हरकत नाही.

दुसरी कंपनी 'सुटी'. ती सगळं सुटं विकते. तिच्या विमानात 60 जण 400 रुपये देऊन सीट निवडतात. सीट तर विमानात आहेच, त्यामुळे हे 24,000 जवळजवळ निव्वळ हाती राहतात. 40 जण नाश्ता घेतात, प्रत्येकामागे 200 सुटतात, ते 8,000. 30 जण जादा बॅगेचे 1,500 भरतात. खर्च वजा जाता प्रत्येकी 1,400 उरतात, म्हणजे 42,000. एकूण 74,000 रुपये. 180 जणांत वाटले तर डोईवर 411.

हे 411 रुपये कंपनीच्या खिशात राहतील असं वाटतं, पण चुरशीच्या मार्गावर तसं होत नाही. यादी किमतीप्रमाणे लागते आणि बहुतेक लोक वरच्या दोन-तीन ओळींच्या खाली जात नाहीत. त्यामुळे प्रत्येक प्रवाशामागे पुढे काय मिळणार आहे ते कंपनी आधीच तिकिटातून कमी करते. 4,500 चे 4,089 होतात. शेजारची कंपनीही तेच करते. अ‍ॅड-ऑनचा पैसा असा वरच्या आकड्यात विरघळून जातो. मुंबईहून एखाद्याच कंपनीचं विमान जात असेल तिथे मात्र भाडं असं खाली येत नाही, कारण कमी करायला भाग पाडणारं कोणी नसतं.

आता दोन प्रवासी घ्या. सॅकवाला 'सुटी'ने 4,089 त जातो. बॅग आणि सीट घेणारी बाई तिथेच 4,089, 400 आणि 1,500 मिळून 5,989 भरते. 'सरळ'मध्ये तिला 4,600 लागले असते. तिचे 1,389 रुपये जास्त गेले आणि सॅकवाल्याचे 411 वाचले. म्हणजे त्याच्या स्वस्त तिकिटाचा भार तिने आणि तिच्यासारख्यांनी उचलला.

मग 'सरळ' जाहिरात का करत नाही की बाई, समोरची कंपनी पुढे पैसे काढते, आमच्याकडे या? झेवियर गबे आणि डेव्हिड लेबसन या अर्थशास्त्रज्ञांनी 2006 साली याचं उत्तर मांडलं, आणि मला या सगळ्या विषयात तेच सर्वांत मोलाचं वाटतं. अशी जाहिरात वाचून ग्राहक शहाणा होतो, पण शहाणा झाल्यावर तो 'सरळ'कडे येईलच असं नाही. तो घरून डबा नेतो, बॅग हलकी करतो, मिळेल त्या सीटवर बसतो आणि 'सुटी'च्याच 4,089 च्या तिकिटाने जातो. जाहिरातीचा खर्च 'सरळ'चा आणि फायदा ग्राहकाचा. म्हणून सरळ वागणाऱ्या कंपनीलाही गप्प राहणं किंवा आपली सेवा सुटी करणंच परवडतं. ज्यांना बॅग टाळताच येत नाही, लहान मूल घेऊन जाणारी आई किंवा आजारी माणूस, त्यांना या शहाणपणाचा फारसा उपयोग होत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं.

पैसे उशिरा दिसण्याचाही परिणाम होतो. कार्यक्रमांची तिकिटं विकणाऱ्या एका अमेरिकी संकेतस्थळावर संशोधकांनी प्रयोग केला. काही ग्राहकांना फी सुरुवातीलाच दाखवली, काहींना शेवटी. शेवटी दिसलेल्यांनी सुमारे 21 टक्के जास्त खर्च केला. त्यांनी निवडलेली तिकिटंही महागडी होती. नाव, वय, फोन नंबर भरून झाल्यावर मागे फिरायला मन घेत नाही.

अमेरिकेत 2008 च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी बॅगेचे पैसे लावायला सुरुवात केली. तेव्हाच्या आकडेवारीचा नंतर अभ्यास झाला. भाडी खरोखर उतरली होती, पण फीइतकी नाही. बॅग नेणाऱ्याचा एकूण खर्च वाढला, न नेणाऱ्याचा कमी झाला. आपल्या 'सुटी'च्या हिशेबाचीच ही दिशा.

भारतात सेवा सुट्या विकायला विमानवाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएची परवानगी आहे. 2021 पासून चेक-इन बॅगेशिवायचं स्वस्त तिकीटही विकता येतं. म्हणून यादीतल्या दोन किमती ताडून बघताना एकात 15 किलो आणि दुसरीत नुसती केबिन बॅग नाही ना, ते आधी पाहावं लागतं. या सेवा प्रवाशाने स्वतः निवडल्या तरच घ्यायच्या असतात. आधीपासून टिक केलेला चौकोन दिसला तर तो नियमात बसत नाही. सीट निवडली नाही तरी चेक-इनच्या वेळी एखादी फुकट मिळते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांशेजारी बसवायचं, असंही डीजीसीएने 2024 मध्ये सांगितलं. कन्व्हिनियन्स फी अनेक ठिकाणी माणशी आणि दर उड्डाणामागे लागते, म्हणजे चौघांच्या येण्याजाण्यात आठ वेळा.

मी पुन्हा यादी उघडली आणि या वेळी प्रत्येक तिकीट शेवटच्या पानापर्यंत नेऊन पाहिलं. चौथ्या ओळीत 4,780 चं एक होतं. त्यात नाश्ता आणि सीटची निवड धरलेली होती. 350 फी मिळवून 5,130 झाले. वरच्या ओळीपेक्षा 369 रुपये कमी. आईला पॅसेजची सीट मिळाली, आणि चकल्यांचा डबा वजन करून पंधरा किलोत बसवला.