फोनमधली भिंत व्हीपीएनच्या दारातून कशी आली

अँड्रॉइड फोनवर रूट न करता, म्हणजे फोनच्या व्यवस्थेवर पूर्ण ताबा न मिळवता, जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं कुठलंही फायरवॉल पहिल्यांदा चालू केलं, की एक विचित्र प्रश्न समोर येतो: हे अ‍ॅप व्हीपीएन जोडणी तयार करणार आहे, परवानगी द्यायची का? वरच्या पट्टीत किल्लीची खूण येते. व्हीपीएन म्हणजे वाहतूक दूरच्या सर्व्हरमार्गे नेणारी जोडणी. इथे तशा कोणत्याही सर्व्हरशी जोडणी झालेली नसते, तरी फोन मात्र व्हीपीएन चालू असल्याचं सांगत असतो. मला अनेकांनी हा घोळ विचारला आहे. त्याचं खरं उत्तर इतिहासात आहे, कारण ही भिंत ज्या दारातून फोनमध्ये आली ते दार तिच्यासाठी बांधलेलंच नव्हतं.

मुळात पत्ते अडवण्याची कल्पना फोनपेक्षा खूप जुनी आहे. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून यंत्राचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसची रचना मांडली. त्यापूर्वी नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राचं नाव आणि त्याचा आकडी पत्ता एकाच मजकूर फाइलमध्ये असायचा आणि ती फाइल सगळे उतरवून घ्यायचे. डीएनएस आलं तरी संगणकांमध्ये ती छोटी `hosts` फाइल राहूनच गेली, आणि यंत्र सहसा डीएनएसला विचारण्याआधी तिच्यात डोकावतं. पुढे लोकांनी याचाच फायदा घेतला. जाहिरात देणाऱ्या सर्व्हरचं नाव फाइलमध्ये लिहायचं आणि त्याच्यापुढे `127.0.0.1` किंवा `0.0.0.0` टाकायचं. नाव विचारलं जातं, पण उत्तर मिळतं ते कुठेच न नेणारं. अशा नावांच्या लांबलचक याद्या आजही काही जण चिकाटीने सांभाळतात, आणि फोनवरची फायरवॉल्स त्याच याद्या वापरतात.

अँड्रॉइडमध्येही ही फाइल आहे, `/system/etc/hosts` इथे. पण तो भाग फक्त वाचण्यासाठी असतो, त्यामुळे तिथे लिहायचं तर रूट हवं. अ‍ॅडअवेसारखी अ‍ॅप्स हेच करत. दुसरीकडे अ‍ॅपनिहाय फायरवॉलचा वेगळा प्रवाह होता आणि त्याचं मूळ अँड्रॉइडच्या एका सुंदर निर्णयात आहे. अँड्रॉइडच्या मुळाशी असलेल्या लिनक्सवर एकाच यंत्रावर अनेक माणसं काम करत असल्याने प्रत्येकाला वापरकर्ता क्रमांक असतो. अँड्रॉइडने तो क्रमांक प्रत्येक अ‍ॅपला दिला, १०००० पासून पुढे. म्हणजे हवामानाचं अ‍ॅप हा जणू एक वेगळा माणूस, गाण्यांचं अ‍ॅप दुसरा. लिनक्सचं `iptables` वापरकर्ता क्रमांकावरून वाहतूक अडवू शकतं, त्यामुळे ड्रॉइडवॉल आणि त्याच्या कोडवर उभं राहिलेलं एएफवॉल+ यांना फारसं नवं काही शोधावं लागलं नाही. क्रमांक १०१४३ ला बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा एक नियम पुरत असे. अट एकच, रूट. आणि रूट म्हणजे बऱ्याच फोनवर वॉरंटीवर पाणी सोडणं आणि बँकेच्या अ‍ॅपने चालायला नकार देणं. सामान्य माणसासाठी हा रस्ता कधीच खुला नव्हता.

दार उघडलं ते २०११ मध्ये, अँड्रॉइड ४.० बरोबर. त्यात `VpnService` नावाची सोय आली. हेतू सरळ होता: कंपन्यांना आणि व्हीपीएन पुरवठादारांना स्वतःचं व्हीपीएन अ‍ॅप रूटशिवाय लिहिता यावं. अ‍ॅप परवानगी मागतं, वापरकर्ता हो म्हणतो, आणि फोनमध्ये एक आभासी नेटवर्क कार्ड तयार होतं. इतर अ‍ॅप्सची बाहेर जाणारी पाकिटं, म्हणजे मजकुराचे छोटे तुकडे, त्या कार्डातून थेट या अ‍ॅपच्या हातात पडतात. अ‍ॅपने ती गुंडाळून दूरच्या सर्व्हरला पाठवावीत अशी अपेक्षा होती. पण ती पाठवलीच पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

या मोकळ्या जागेतच फायरवॉल जन्मलं. २०१४ च्या अँड्रॉइड ५.० मध्ये आणखी एक छोटी भर पडली: कोणती अ‍ॅप्स व्हीपीएनमध्ये घ्यायची आणि कोणती वगळायची हे `addAllowedApplication` आणि `addDisallowedApplication` ने ठरवता येऊ लागलं. मार्सेल बोखोर्स्ट यांचं नेटगार्ड २०१५ मध्ये आलं. त्यामागची सुरुवातीची युक्ती अगदी साधी होती. ज्यांना अडवायचं तीच अ‍ॅप्स व्हीपीएनमध्ये घ्यायची, आणि त्यांची पाकिटं वाचून टाकून द्यायची. बाकीची अ‍ॅप्स व्हीपीएनच्या बाहेरून नेहमीसारखी जातात. हे व्हीपीएन म्हणजे तळ नसलेली विहीर होती आणि त्यासाठी बॅटरीही फारशी लागत नसे. त्याच वर्षी आलेल्या अँड्रॉइड ६.० मध्ये इंटरनेटची परवानगी वापरकर्त्याला न विचारता अ‍ॅपला आपोआप मिळू लागली. म्हणजे फोनने नकार द्यायची जी सोय ठेवली नाही, ती बाहेरून बसवावी लागत होती.

पण अख्खं अ‍ॅप अडवणं आणि अ‍ॅपमधला ट्रॅकर अडवणं यांत मोठं अंतर आहे. हवामानाचं अ‍ॅप चालू हवं, पण त्यातली जाहिरात नको, म्हणजे आता पाकिटं टाकून देऊन भागणार नाही. काही पुढे पाठवावी लागतील. इथे खरी मेहनत सुरू होते. रूट नसलेल्या अ‍ॅपला कच्चं पाकीट नेटवर्कवर सोडता येत नाही, त्याला फक्त साधं सॉकेट, म्हणजे जोडणीचं एक टोक, उघडता येतं. म्हणून मजकूर क्रमाने आणि न गळता पोचवणाऱ्या टीसीपीच्या प्रत्येक जोडणीत फायरवॉलला मध्ये बसावं लागतं. अ‍ॅपशी ते स्वतःच सर्व्हर असल्यासारखं बोलतं, खऱ्या सर्व्हरकडे वेगळं सॉकेट उघडतं आणि दोन्हींतला मजकूर इकडचा तिकडे करतं. ते बाहेरचं सॉकेट `protect()` ने व्हीपीएनमधून वगळावं लागतं, नाहीतर फायरवॉलचीच पाकिटं फिरून त्याच्याकडे येतात. नेटगार्डने हे सगळं सी भाषेत लिहिलं. टीसीपीची एक छोटी आवृत्तीच म्हणा ना. सगळी वाहतूक फायरवॉलमधून जात असल्याने अँड्रॉइडच्या बॅटरीच्या पानावर इतरांचाही खर्च फायरवॉलच्या नावावर दिसतो. ते आकडे पाहून अ‍ॅप काढून टाकणाऱ्यांची मला दरवेळी हळहळ वाटते.

पाकीट हातात आलं, पण ते कोणाचं? पाकिटावर अ‍ॅपचं नाव नसतं. उत्तर बरीच वर्षं लिनक्सच्या `/proc/net/tcp` या तक्त्यात मिळत होतं. जोडणी सुरू होण्याच्या क्षणी तिथे अशी ओळ दिसते (मधले रकाने गाळले आहेत):

```
local_address  rem_address    st  ...  uid
010A010A:9C42  197100CB:01BB  02  ...  10143
```

पत्ते आणि पोर्ट सोळाच्या पायावर आहेत, आणि पत्त्यातल्या दोन-दोन अंकांच्या जोड्या उलट्या क्रमाने आहेत. `197100CB` जोडीजोडीने मागून वाचलं की `203.0.113.25` होतं, `01BB` म्हणजे पोर्ट ४४३, आणि `02` म्हणजे जोडणीची विनंती नुकतीच गेली आहे. शेवटचा १०१४३ म्हणजे आपलं हवामानाचं अ‍ॅप. २०१९ च्या अँड्रॉइड १० ने हा तक्ता अ‍ॅप्सना बंद केला. एका अ‍ॅपने इतरांच्या जोडण्या चोरून पाहू नयेत हे कारण रास्तच होतं. बदल्यात व्हीपीएन अ‍ॅप्ससाठी `getConnectionOwnerUid()` दिलं, म्हणून फायरवॉल्स टिकली.

आता हे उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. हवामानाच्या अ‍ॅपला `ads.example.com` कडून जाहिरात हवी आहे. आधी नावाचा आकडी पत्ता विचारला जातो. पण अँड्रॉइडवर हा प्रश्न सहसा अ‍ॅप स्वतः विचारत नाही. `netd` ही व्यवस्थेतली प्रक्रिया सर्वांच्या वतीने विचारते. म्हणून फायरवॉलच्या नोंदीत डीएनएसची विचारणा अ‍ॅपच्या नावावर न दिसता व्यवस्थेच्या नावावर दिसते, आणि फोन हॅक झाला की काय अशी शंका घेऊन लोक घाबरतात. तसं काही नसतं. मात्र याचा परिणाम मोठा आहे: नावांच्या यादीने अडवलं तर ते सगळ्या अ‍ॅप्ससाठी अडतं. नेटगार्ड तिथे ‘असं नाव अस्तित्वात नाही’ हे उत्तर परत करतं आणि जाहिरातीची जोडणी सुरूच होत नाही.

एकाच अ‍ॅपपुरतं अडवायचं असेल तर डीएनएसचं उत्तर लक्षात ठेवावं लागतं. `ads.example.com` म्हणजे `203.0.113.25`, हे टिपून ठेवायचं, आणि नंतर १०१४३ त्या आकड्याकडे निघाला की थांबवायचं. इथेच पाय घसरतो. मजकूर वितरित करणाऱ्या मोठ्या सेवांवर एकाच आकडी पत्त्यामागे शेकडो नावं असतात. समजा हवामानाचा डेटा देणारं `api.example.net` देखील त्याच `203.0.113.25` वर आहे. जाहिरात अडवली आणि तापमानही गायब झालं. ओळखायची खूण नोंदीतच असते: अडवलेल्या ओळीतला आकडा आणि चालू हव्या असलेल्या सेवेचा आकडा एकच निघतो. अशा वेळी पत्त्याचा नियम काढून जाहिरातीचं नाव यादीत टाकावं, ते सगळ्या अ‍ॅप्ससाठी अडेल हे मान्य करून. अ‍ॅपनिहाय अचूकता आणि नावनिहाय अचूकता या रचनेत नेहमी एकत्र मिळत नाहीत.

तंत्राइतकाच अडसर धोरणाचा होता. मार्च २०१३ मध्ये जाहिराती अडवणारं अ‍ॅडब्लॉक प्लस गूगल प्लेमधून काढलं गेलं. नेटगार्डच्या प्लेवरच्या आवृत्तीत `hosts` यादीची सोय नाही, ती गिटहबवरून घेतलेल्या आवृत्तीतच मिळते. १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झालेल्या प्लेच्या नियमात तर `VpnService` वापरून इतर अ‍ॅप्सच्या कमाईवर परिणाम होईल असे जाहिरातींतले फेरफार करू नयेत असं स्पष्ट लिहिलं गेलं. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण जाहिरात देणाऱ्या आणि पाळत ठेवणाऱ्या सर्व्हरची नावं अनेकदा एकच असतात. तरी नेटगार्डचा कोड मोकळा असल्याने तो पुढे गेलाच. ट्रॅकरकंट्रोल नेटगार्डवरच उभं आहे, आणि डकडकगोच्या अँड्रॉइड अ‍ॅपमधली ट्रॅकर अडवण्याची सोयही फोनमधल्याच स्थानिक व्हीपीएनवर चालते.

दाराची मूळ मर्यादा अजून तशीच आहे: एका वेळी एकच व्हीपीएन. ऑफिसचं व्हीपीएन चालू केलं की फायरवॉल निमूट बाजूला होतं. अँड्रॉइड ७.० पासून ‘नेहमी चालू’ ठेवण्याची सोय आहे, आणि ८.० पासून व्हीपीएनशिवायच्या जोडण्या बंद ठेवता येतात. फोन सुरू होताना फायरवॉल उभं राहण्याआधी निसटणारी वाहतूक त्याने बरीच थांबते.

दुसरी मर्यादा नवी आहे. २०१८ च्या अँड्रॉइड ९ ने ‘खाजगी डीएनएस’ आणलं, ज्यात नावाची विचारणा कुलूपबंद होऊन पोर्ट ८५३ वरून जाते. ती फायरवॉलला वाचता येत नाही, त्यामुळे यादी असून अडत काहीच नाही. सेटिंगमध्ये ते बंद केलं की यादी पुन्हा काम करते. पण काही अ‍ॅप्स स्वतःचा डीएनएस वेब जोडणीच्या आत, पोर्ट ४४३ वरून नेतात आणि त्यावर सेटिंगचा इलाज नाही. नोंद उघडून पाहिलं तर अशा अ‍ॅपच्या जोडण्यांपुढे नावाची जागा रिकामी दिसते, नुसते आकडे. फायरवॉलने तो आकडा कुठल्याच डीएनएस उत्तरात पाहिलेला नसतो. अशा अ‍ॅपपुरता उपाय पुन्हा नेटगार्डच्या पहिल्या युक्तीपाशी येऊन थांबतो: त्याला अख्खंच विहिरीत पाठवायचं, किंवा मोकळं सोडायचं.