स्प्रिंगटेल व वुडलाऊस (न्हाणीघरातील)

न्हाणीघराच्या कायम ओल्या कोपऱ्यात आढळणारे दोन निरुपद्रवी संधिपाद. पुण्यात ते विशेषतः जून ते सप्टेंबर या काळात, जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर आणि मोरीच्या जाळीभोवती दिसतात. दोन्ही चावत नाहीत, रोगही पसरवत नाहीत.

स्प्रिंगटेल (कॉलेम्बोला) बहुधा एक-दोन मिलिमीटरचा, करडा असतो. धुळीचा कण समजून बोट लावावे, तर तो उडून काही सेंटिमीटरवर पडलेला दिसतो. पोटाखाली दुमडलेला दुबेळका अवयव जमिनीवर आपटल्याने ही उडी बसते. सहा पाय असूनही त्याला कीटक म्हणावे का, याविषयी मतभेद आहेत. मुखांगे डोक्याच्या आत दडलेली असल्याने बहुतेक अभ्यासक आता त्याचा वर्ग वेगळा मानतात, व ते अधिक सयुक्तिक वाटते. इंग्रज निसर्गअभ्यासक जॉन लबक यांनी १८७० च्या सुमारास दिलेल्या ‘कॉलेम्बोला’ या नावात ‘गोंद’ व ‘पाचर’ या अर्थांचे ग्रीक शब्द आहेत. पोटावरची नळी चिकटून राहण्यासाठी आहे, अशी तेव्हाची समजूत होती. तिचे मुख्य काम पाणी शोषण्याचे, हे पुढे स्पष्ट झाले. बहुतेक जाती त्वचेतूनच श्वास घेतात, त्यामुळे कोरड्या हवेत त्या लवकर सुकतात.

वुडलाऊस हा खेकड्याच्या कुळातला, म्हणजे कवचधारी. त्याला सात पायजोड्या असतात. श्वसनाचे अवयव पोटाखाली असून ते ओले राहावे लागतात. काही जाती गोळी होतात, सर्व नव्हे.

दोघांचे अन्न ओलीवरच पिकते : फरशीच्या सांध्यातली बुरशी, शेवाळ, कुजका कचरा. म्हणून फवारणीने आजचे मरतात, पण बुरशी उरल्याने नवे येतात. पाणी ओतूनही उपयोग नाही. स्प्रिंगटेलचे अंग भिजत नसल्याने तो पाण्यावर तरंगतो आणि कोपरा पुन्हा ओला होतो.

ओल कुठून येते, हे आधी ठरवावे. समजा, तळमजल्यावरच्या न्हाणीघरात मोरीजवळच्या भिंतीला पोपडे आले आहेत. ती भिंत पुसून, पंखा लावून कोरडी करावी आणि हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बसवावा. दोन दिवसांनी थेंब भिंतीकडच्या बाजूला दिसले, तर पाणी आतून येते आहे : नळ झिरपतो, सांधा फुटला आहे किंवा जमिनीतून ओल चढते. मग प्लंबर किंवा गवंडी गाठावा. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील, तर दोष हवा न खेळण्याचा. अंघोळ झाली की वायपरने पाणी ओढावे, कोपरा फडक्याने टिपावा, एक्झॉस्ट पंखा चालू ठेवावा. बुरशी घासून काढून सांधे भरावेत. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असल्याने नुसती खिडकी उघडून भागत नाही.

कोपरा कोरडा राहू लागला की संख्या काही दिवसांत उतरते. वुडलाऊस मात्र बाहेरच्या कुंड्यांखालून दाराच्या फटीतून येत राहू शकतात. त्यासाठी कुंड्या भिंतीपासून दूर सरकवाव्या लागतात.