गाऱ्हाणे, प्रवासाचे

गोव्यात, मुख्यतः पेडणे, डिचोली, सत्तरी आणि फोंडा या भागांत, घरातले माणूस दूरच्या प्रवासाला निघताना ग्रामदेवतेपुढे किंवा घरच्या देवापुढे नारळ ठेवून म्हटले जाणारे मौखिक प्रार्थनाकाव्य. देवळात ते गुरव किंवा घाडी म्हणतो, घरी वडीलधारा पुरुष. प्रत्येक वाक्यानंतर जमलेली माणसे ‘व्हय म्हाराजा’ असा रुकार देतात. सिंधुदुर्गातही हीच पद्धत आहे. त्यामुळे तिला केवळ गोव्याची म्हणता येत नाही. देव बदलतात, साचा तोच राहतो.

याला ठरलेला पाठ नाही. म्हणणारा प्रसंग पाहून वाक्ये जुळवतो आणि ती रोजच्या बोलीतली असतात. संस्कृत मंत्र नाही, वृत्त नाही, यमकाचा आग्रहही नाही. लय येते ती रुकारामुळे. वाक्य एका श्वासात संपले पाहिजे, नाहीतर रुकार मध्येच पडतो. वाक्ये तोकडी आणि शब्द साधे राहण्याचे हे एक कारण. दुसरे कारण असे की, रुकार देणारा प्रत्येक जण त्या मागणीचा साक्षीदार असतो, आणि न कळलेल्या गोष्टीला कोणी ‘व्हय’ म्हणत नाही.

प्रचलित साच्यावरून जुळवलेला एक नमुना पुढे दिला आहे. तो कोणा एका गावचा पाठ नव्हे.

बा देवा म्हाराजा! – व्हय म्हाराजा!
आज तुजें लेंकरूं घराभायर सरता – व्हय म्हाराजा!
पोटाखातीर परमुलखाक वता – व्हय म्हाराजा!
थंय तेका वळखीचें कोण ना – व्हय म्हाराजा!
तूं फुडें रावन वाट दाखय, फाटीं रावन राखण कर – व्हय म्हाराजा!
वाटेर आडमेळें आसत तें कुशीक कर – व्हय म्हाराजा!
गेल्लो तसो हातीपायीं धड घरा हाड – व्हय म्हाराजा!
आयल्या दिसा तुजो नारळ तुका पावयतलों – व्हय म्हाराजा!
चुकलां-माकलां पदरांत घे – व्हय म्हाराजा!

उगमाबद्दल दोन मते मांडता येतात. पहिल्याप्रमाणे हे घरगुती निरोपाचे स्वतंत्र काव्य असून देवळात ते नंतर आले. दुसऱ्याप्रमाणे ते गावाच्या सामूहिक गाऱ्हाण्याचाच सुटा झालेला तुकडा आहे. शिगमा, जत्रा किंवा पेरणीच्या वेळी गावकरी जे गाऱ्हाणे घालतात त्यात पीक, गुरे, रोगराई यांच्याबरोबर ‘भायर गेल्ले’ लोकही येतात. पाठांतली अंतर्गत साक्ष दुसऱ्या मताकडे झुकते. एकटाच माणूस निघालेला असला तरी देवाला हाक मारताना बारा गावच्या, बारा वेशीच्या अशी अख्ख्या मुलखाची बिरुदे लावली जातात. निव्वळ घरच्या प्रार्थनेला त्यांची गरज नव्हती.

काळ ठरवणे अवघड आहे. पाठात आगबोट, विमान किंवा दुबईचे नाव आले म्हणून रचना अर्वाचीन ठरत नाही, कारण म्हणणारा तपशील बदलतच असतो. भौगोलिक पसारा मात्र काही सांगतो. १५१० ते १५४३ या काळात पोर्तुगीजांकडे गेलेल्या तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या जुन्या काबिजादीत, म्हणजे आधी जिंकलेल्या मुलखात, सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली आणि बरीच दैवते फोंड्याकडे हलवली गेली. १५६० मध्ये आलेल्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, उघड विधींवर आणखी दडपण आणले. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे हे भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नवी काबिजाद म्हणून पोर्तुगीजांच्या ताब्यात आले, तेव्हा धर्मांतराचा तो जोर राहिला नव्हता. देवळातले गाऱ्हाणे प्रामुख्याने याच पट्ट्यात टिकलेले दिसते. यावरून साचा निदान नव्या काबिजादीच्या आधीचा असावा, एवढे अनुमान सावधपणे करता येईल.

या काव्याचा खरा पेच सीमेचा आहे. सातेरी, रवळनाथ, भूमिका, बेताळ ही दैवते गावाच्या सीमेत सत्ता चालवतात. राखणदार किंवा देवचार रात्री सीम फिरतो अशी समजूत आहे. बेताळाला चपला वाहतात त्याही फिरून झिजतात म्हणून. मग सीम ओलांडून गेलेल्या माणसाची जबाबदारी कोणाची?

पेडण्याचा एखादा तरुण नोकरीसाठी दुबईला निघाला असे धरू. त्याच्या गाऱ्हाण्यात आधी स्थळाचा देव येतो, मग ग्रामदेवता, मग कुळाचा देव, शेवटी सीमेचा राखणदार. क्रम चुकला तर जाणते लोक तिथेच टोकतात, कारण ज्याच्या हद्दीतून आधी जायचे त्याचा मान आधी. राखणदाराकडे मागणी मोजकी असते: तुझ्या सीमेवरून सुखरूप पार घाल आणि पुढच्या सीमेवाल्याच्या स्वाधीन कर. म्हणजे ग्रामदेव परदेशापर्यंत सोबत जातो असे यात गृहीत नाही. राखण एकाकडून दुसऱ्याकडे सोपवली जाते. पूर्वी घाट चढून जाणाऱ्याला हे सरळ लागू पडे, वाटेत एकामागून एक गावे होती. आता मोपाच्या विमानतळावरून उडालेल्या माणसाला पुढची सीमच लागत नाही. बहुतेक पाठ अशा वेळी सीमेचे वाक्य तसेच ठेवतात आणि पुढे ‘थंय जो कोण देव आसत’ त्याला हात जोडतात. नाव न घेता परक्या देवाला घातलेली ही साद या प्रकारातली सर्वांत लक्षणीय ओळ म्हणावी लागेल.

वर्षे, पगार, घर यांची मागणी सहसा येत नाही. आली तरी ‘हातीपायीं धड घरा हाड’ या ओळीच्या आधी उरकली जाते. या ओळीनंतर फक्त आंगवण, म्हणजे नवस, आणि क्षमायाचना. आंगवण हा या काव्यातला व्यवहाराचा भाग. माणूस परतला की पहिल्या सवडीने त्याने स्वतः देवळात जाऊन नारळ द्यायचा आणि ‘सांगितल्याप्रमाणे पावलास’ असे म्हणवून घ्यायचे. ते राहून गेले तर देणे उरते. घरात पुढे आजारपण किंवा अडचण आली आणि देवाला कौल लावला की, पुष्कळदा असे न फेडलेले नारळच निघतात. तेव्हा कोणाच्या तोंडून, कोणत्या देवापुढे, काय कबूल केले होते याची विचारणा होते आणि रुकार देणाऱ्यांची साक्ष कामी येते. कौलाला पाकळी उजवीकडून पडली तर होकार मानतात.

दर्यावर जाणाऱ्यांसाठीचे पाठ फार थोडे आढळतात. जहाजावर काम करणाऱ्या गोंयकारांत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण मोठे होते, हे त्याचे एक कारण असू शकेल. त्यांच्याकडे निघण्याआधी खुरसाजवळ लादाइन्य ही सामूहिक प्रार्थना म्हणण्याची आणि थोरांकडून बेसांव, म्हणजे आशीर्वाद, घेण्याची रीत आहे. मागणे तेच असले, तरी तिथे लादाइन्याचा पाठ ठरलेला असतो, गाऱ्हाण्याप्रमाणे जागच्या जागी जुळवलेला नसतो.