गोपनीय नेतृत्वभरतीतील पहिला संदेश

कंपनीच्या सर्वोच्च पदांपैकी एखाद्यासाठी योग्य वाटणाऱ्या, पण सध्या नोकरी शोधत नसलेल्या अधिकाऱ्याला रिक्रूटर पहिल्यांदा पाठवतो तो मजकूर. यात नियुक्ती करणाऱ्या कंपनीचे नाव नसते. अनेकदा त्या पदावर अजून कोणी तरी काम करत असते आणि आपल्या जागी दुसऱ्याचा शोध सुरू आहे याची त्याला कल्पना नसते. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर अशा बदलाची कुणकुणही भावावर परिणाम करू शकते.

नाव वगळणे सोपे असते; कंपनी ओळखू येते ती तपशिलांच्या बेरजेने. समजा, एका औषध कंपनीला नवा वित्तप्रमुख हवा आहे. रिक्रूटर लिहितो: ‘दोन कारखाने असलेली, एका कुटुंबाच्या ताब्यातील, पशुऔषधांचा विभाग विकू पाहणारी कंपनी.’ यातला एकेक तपशील अनेकांना लागू पडेल, पण तिन्ही एकत्र जुळणारी कंपनी त्या क्षेत्रातला माणूस क्षणात ओळखतो. विभागाची विक्री जाहीर झालेली नसेल, तर रिक्रूटरच्या ग्राहक कंपनीचे दुसरे गुपितही फुटते. त्यामुळे मजकूर असा सैल करावा लागतो:

‘नमस्कार. मी वरिष्ठ पदांच्या नियुक्तीचे काम करतो. आरोग्यक्षेत्रातील एका मध्यम आकाराच्या उत्पादक कंपनीच्या वित्तप्रमुखपदाबाबत आपल्याशी बोलायचे आहे. हे पद थेट मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हाताखाली आहे. उत्पादनखर्चावरील आपले काम पाहून संपर्क करत आहे. आपल्या सोयीने पंधरा मिनिटे फोनवर बोलता येईल का?’

पदाची पातळी, वरिष्ठ कोण आणि याच व्यक्तीला का विचारले, हे तीन मुद्दे मात्र सैल करून चालत नाहीत. तेही धूसर झाले, की संदेश शेकडो जणांना एकदम धाडल्यासारखा वाटतो आणि उत्तर येत नाही. मजकूर पारखायचा, तर शोधाशी संबंध नसलेल्या पण त्या क्षेत्रातल्या सहकाऱ्याला तो वाचायला देऊन कंपनी ओळखायला सांगतात. त्याचा अंदाज दोन-तीन नावांवर आला, तर एखादा तपशील काढून टाकायचा.

ज्याला लिहायचे त्याचीही अब्रू सांभाळावी लागते. त्याच्या कार्यालयाचा ईमेल कंपनीच्या मालकीचा असतो आणि अनेकदा तो स्वीय सहायक उघडतो. म्हणून वैयक्तिक पत्ता किंवा लिंक्डइन वापरतात. तिथेही विषयाच्या ओळीत ‘नवी संधी’ लिहिणे धोक्याचे, कारण फोनच्या लॉक असलेल्या पडद्यावर नेमकी तीच ओळ झळकते. ‘आपल्या परिचयातील कोणी सुचवाल का?’ असे विचारण्याची जुनी रीत आहे. होकार न देताही बोलण्याची सोय त्यातून होते, पण अनुभवी अधिकाऱ्यांना ती आता पाठ झाली आहे.

कंपनीचे नाव साधारणपणे फोनवर रस दिसल्यावर, ग्राहकाच्या संमतीने आणि कधी गोपनीयता करारानंतर सांगतात. त्याआधी, ज्या कंपन्यांशी समोरच्याचा व्यावसायिक किंवा कौटुंबिक संबंध आहे त्यांची नावे सांगण्याची विनंती रिक्रूटर त्याला करू शकतो. ग्राहक त्या यादीत निघाला, तर नाव न घेताच बोलणे थांबवता येते.