नदीवरचे पाच पॉइंट आणि परीक्षेतला तो तक्ता : हा प्रश्न आला कुठून?

पर्यावरणशास्त्राच्या पेपरमध्ये एक प्रश्न हमखास असतो. नदीवरचे चार-पाच पॉइंट दिलेले असतात, प्रत्येक ठिकाणचं तापमान, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन म्हणजे डीओ, आणि पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना जेवढा ऑक्सिजन लागतो तो म्हणजे बीओडी, आणि खाली लिहिलेलं असतं की निरीक्षणांचा अर्थ लावा. मुलं साधारण पाठ केलेलं लिहितात, नाला आला म्हणून ऑक्सिजन कमी झाला, पुढे नदी स्वतःला शुद्ध करते, संपलं. मार्कही मिळतात. पण हा तक्ता असाच का असतो, म्हणजे वरचा पॉइंट आधी, मग नाला, मग खाली खाली जात मोजमाप, याला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे आणि तो इंग्लंड-जर्मनी-अमेरिकेतल्या नद्यांचा आहे, आपल्या नद्यांचा नाही. गोची तिथेच होते.

सुरुवात रसायनाच्या बाटलीपासून करू. पाण्यात ऑक्सिजन किती विरघळलाय हे नदीकाठी बसून मोजायची सोपी पद्धत लायोश विंकलर या हंगेरीच्या रसायनशास्त्रज्ञाने 1888 मध्ये दिली आणि थोड्या सुधारणांसह तीच आजही कॉलेजच्या लॅबमध्ये चालते. 300 मिलीची काचेची बाटली पाण्याखाली धरून बुडबुडा न राहू देता भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं, ऑक्सिजन असेल तर विटकरी-तपकिरी साका बसतो, नसेल तर साका पांढराच राहतो. नाल्याच्या तोंडाशी घेतलेल्या बाटलीत तो पांढरा साका एकदा बघितला की पुढचं टायट्रेशन करायच्या आधीच उत्तर कळलेलं असतं. बुडबुडा राहिला तर मात्र हवेतला ऑक्सिजन आत जातो आणि घाण पाण्याचं रीडिंग उगाच चांगलं येतं, नवख्या पोरांची सगळ्यात कॉमन चूक ही.

आता बीओडी. ब्रिटनमध्ये सांडपाण्यावर एक रॉयल कमिशन नेमलं होतं, 1898 ते 1915 चाललं, आणि त्याच्या 1912 च्या आठव्या अहवालात मैलापाणी नदीत सोडायचा तो प्रसिद्ध 30-20 चा नियम आला, म्हणजे तरंगणारा गाळ 30 आणि बीओडी 20 मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चालेल. नियमासोबत एक अट होती जी नंतर सगळेच विसरले, ती म्हणजे नदीत त्या सांडपाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी वाहत असलं पाहिजे. बीओडीची टेस्ट पाच दिवसांची आणि 65 फॅरनहाइटला, म्हणजे साधारण 18 सेल्सिअसला. पाचच दिवस का, तर ब्रिटिश नद्यांचं पाणी पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळतं असा हिशोब होता असं सांगतात, आणि तापमान त्यांच्याकडच्या उन्हाळ्याचं. पुढे हेच 5 दिवस आणि 20 सेल्सिअस असं सगळीकडे पसरलं. आपल्याकडे भारतीय मानकाने ते बदलून 3 दिवस आणि 27 सेल्सिअस केलं कारण इथे इन्क्युबेटर 20 वर ठेवायचा म्हणजे थंड करत बसावं लागतं, आणि 27 ला जिवाणू जास्त जोरात काम करतात त्यामुळे तीन दिवसांतला आकडा साधारण तेवढाच येतो. पण गाइडांमध्ये अजून पाच दिवसच छापलेलं असतं आणि प्रदूषण मंडळाचे आकडे तीन दिवसांचे, आणि प्रश्न काढणारा दोन्ही एकाच तक्त्यात टाकून मोकळा होतो.

जर्मनीत याच काळात कोल्कविट्झ आणि मार्सन या दोन शास्त्रज्ञांनी वेगळाच रस्ता धरला, 1908-09 मध्ये. त्यांनी विचारलं की पाण्यात राहतंय कोण. रासायनिक रीडिंग हा त्या क्षणाचा फोटो असतो, सकाळी नाला बंद होता तर नदी स्वच्छ दिसेल, पण तळाच्या दगडाखाली राहणारे किडे आठवडेन् आठवडे तिथेच असतात, ते काल रात्री काय सोडलं होतं त्याचीही साक्ष देतात. यावरूनच पुढे ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकाच्या शेवटी बीएमडब्ल्यूपी नावाची गुणपद्धत आली, स्वच्छ पाणी लागणाऱ्या मेफ्लाय या किड्याच्या बऱ्याच कुळांना 10 गुण, डासासारख्या माशीच्या लाल अळ्यांना 2, गाळातल्या बारीक गांडुळांना 1. सर्व्हेच्या प्रश्नात हा किड्यांचा कॉलम दिला की प्रश्न एकदम बदलतो कारण मग आकडे आणि किडे यांचं पटत नसेल तर त्याचं कारण द्यावं लागतं. आपल्या पेपरमध्ये हा कॉलम क्वचितच दिसतो, आणि हे मला तरी पटत नाही, कारण चाळण आणि पांढरा ट्रे एवढ्यावर काम होतं.

आणि मग ऑक्सिजनच्या आलेखातला तो प्रसिद्ध खड्डा. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य खात्याच्या स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीच्या अभ्यासावरून 1925 मध्ये दाखवलं की सांडपाणी मिसळल्यावर ऑक्सिजन लगेच तळाला जात नाही, हळूहळू उतरतो, काही अंतरावर सगळ्यात कमी होतो आणि मग चढतो. एकीकडे जिवाणू ऑक्सिजन खातात, दुसरीकडे हवेतून तो परत मिसळतो, दोन्हींची रस्सीखेच. आपल्या पेपरमधला तक्ता म्हणजे याच वक्राचे पाच तुकडे. फक्त त्यात गृहीत धरलंय की नाला एकच आहे, प्रवाह एकसारखा वाहतोय, आणि मध्ये काही अडवलेलं नाही. ओहायोसारख्या मोठ्या वाहत्या नदीला हे बऱ्यापैकी लागू पडतं. आपल्याकडे मार्चनंतर धरणातून पाणी सोडलं तरच नदी वाहते, दर किलोमीटरला एक नाला, मध्ये कोल्हापूर टाइपचे बंधारे, आणि ती आठपट पाण्याची अट तर उन्हाळ्यात इतकी उलटी होते की नदीत जे वाहतंय तेच मुळात सांडपाणी असतं.

हा सगळा प्रकार आपल्या अभ्यासक्रमात आला तो कोर्टामुळे. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने 22 नोव्हेंबर 1991 ला पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, बरीच वर्षं फारसं काही झालं नाही, मग 2003 मध्ये कोर्टाने परत कान पिळले आणि यूजीसीने पदवीला सहा महिन्यांचा अनिवार्य कोर्स आणला. 50 तासिका, त्यातल्या 5 फील्डवर्कला, आणि 100 पैकी 25 मार्क फील्डवर्कचे. यादीत जवळची नदी किंवा तळं बघणं, प्रदूषित जागेला भेट देणं वगैरे होतं. कागदावर उत्तम. पण बी.कॉम.च्या एका वर्गात शंभराच्या वर पोरं, आणि शिकवायला जो मोकळा असेल तो शिक्षक, मग नदीवर कोण नेणार. जर्नल एकाचं, कॉपी सगळ्यांची, आणि सगळ्यांच्या नदीचा पीएच 7. यातून पळवाट म्हणून दिलेल्या निरीक्षणांवरचे प्रश्न सोयीचे पडले, नदीवर न्यायचं नाही, नदीचा तक्ताच वर्गात आणायचा. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा असा विषय आहे, तिथेही गावातल्या पाण्याची पाहणी हा प्रकल्पाचा भाग आहेच.

आता एक तक्ता नीट सोडवून बघू, आकडे मी बनवलेत पण असे येतात. एप्रिल महिना, तालुक्याच्या गावातून जाणारी नदी. पहिला पॉइंट गावाच्या वर, सकाळी साडेसात, पाणी 25 अंश, डीओ 7.2, बीओडी 2. दुसरा नाल्याच्या खाली दोनशे मीटर, सकाळी आठ, डीओ 5.8, बीओडी 14. तिसरा सहा किलोमीटर खाली, साडेनऊ, डीओ 2.4, बीओडी 9. चौथा चौदा किलोमीटरवर, अकरा वाजता, डीओ 4.6, बीओडी 5. पाचवा अठरा किलोमीटरवर बंधाऱ्याच्या फुगवट्यात, दुपारी तीन, पाणी 30 अंश आणि हिरवट, पीएच 8.9, डीओ 11.4, बीओडी 5.

पहिल्या चारमध्ये स्ट्रीटर-फेल्प्सचा खड्डा स्वच्छ दिसतो. इथे एक गोष्ट बघायची की घाण सगळ्यात जास्त दुसऱ्या पॉइंटला आहे पण ऑक्सिजन सगळ्यात कमी तिसऱ्याला, कारण खायला वेळ लागतो. मासे मेले तर ते तिसऱ्या पॉइंटच्या आसपास मरतील आणि तिथल्या गावातले लोक आपल्याच गावात काहीतरी सोडलं म्हणून भांडतील, दोष मात्र सहा किलोमीटर वरच्या नाल्याचा.

पाचव्या पॉइंटवर निम्मा वर्ग पडतो. डीओ 11.4, म्हणजे पाणी सगळ्यात शुद्ध, असं लिहून येतं. पण 30 अंशाला पाणी हवेतून जास्तीत जास्त साडेसातच्या आसपासच ऑक्सिजन धरू शकतं. त्याच्यावर जवळजवळ चार मिलिग्रॅम आलं कुठून, तर शेवाळातून. वरून आलेल्या सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस बंधाऱ्यात साठलं, शेवाळ माजलं, दुपारच्या उन्हात ते ऑक्सिजन सोडतंय. पीएच 8.9 हा दुसरा पुरावा, कारण शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि पीएच चढतो. हेच शेवाळ रात्रभर श्वास घेतं, त्यामुळे तिथेच पहाटे पाचला बाटली भरली तर डीओ दोनच्याही खाली मिळू शकतो. म्हणजे हा पॉइंट बरा झालेला नाही, फक्त दुपारी मोजलाय. आणि तसं बघितलं तर चौथ्या पॉइंटवरची वाढसुद्धा काही प्रमाणात उन्हाची असू शकते, अकरा वाजलेत, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्याची तुलना करतानाही वेळेचा कॉलम वाचायला लागतो.

केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या वापरानुसार वर्गवारीत आंघोळीच्या पाण्याला डीओ किमान 5 आणि बीओडी जास्तीत जास्त 3 लागतो. पाचवा पॉइंट डीओवर पास, बीओडी 5 म्हणून नापास, तोही पोरं फक्त पहिला आकडा बघून पास करतात.

पेपर काढणाऱ्याने वेळ आणि तापमान हे दोन कॉलम काढून टाकले, जे जागा वाचवायला सर्रास केलं जातं, तर पाचव्या पॉइंटचं बरोबर उत्तर देताच येत नाही आणि चुकीचं उत्तर मॉडेल आन्सरमध्ये छापलं जातं. प्रश्नाच्या शेवटी 'आणखी कोणती एक नोंद घ्याल' असा दोन मार्कांचा उपप्रश्न असला की जो विद्यार्थी 'पाचव्या पॉइंटवर पहाटेचा डीओ' असं लिहितो त्याला पूर्ण मार्क, जो 'पाण्याचा रंग' लिहितो त्याला शून्य, कारण हिरवट असं तक्त्यात आधीच दिलेलं आहे.