विसार आणि ॲडव्हान्स: लग्नाच्या फोटोग्राफरच्या कोटेशनमधल्या दोन वेगळ्या रकमा

नाशिकमध्ये लग्नाच्या फोटोग्राफरचं कोटेशन घेतलं की खाली बहुधा एक ओळ असते: ‘बुकिंगवेळी 50% ॲडव्हान्स, नॉन-रिफंडेबल.’ लग्न ठरल्याप्रमाणे पार पडलं तर या ओळीकडे कुणी बघत नाही. मोडलं, तर भांडण तिथूनच सुरू होतं. कारण त्या ओळीत दोन निरनिराळ्या रकमा एकत्र कोंबलेल्या असतात.

पहिली रक्कम म्हणजे विसार, म्हणजेच इसार. जमिनीच्या किंवा घराच्या व्यवहारात देतात तोच. तो देण्याचा अर्थ असा की ही तारीख तुम्ही आमच्यासाठी अडवून ठेवा, दुसऱ्या कुणाला देऊ नका. दाट तिथीला फोटोग्राफरने तुम्हाला होकार दिला की पाथर्डी फाट्यावरच्या दुसऱ्या लग्नाला तो नाही म्हणतो. त्या नकाराची भरपाई म्हणजे विसार. व्यवहार पार पडला तर तो बिलात वळता होतो, ग्राहकाने मोडला तर बुडतो.

दुसरी रक्कम ॲडव्हान्स. ती पुढे व्हायच्या कामाच्या किमतीतला आधीच दिलेला हिस्सा असते. काम झालंच नाही तर झालेल्या कामाचे आणि खऱ्या नुकसानीचे पैसे कापून उरलेली परत द्यायला हवी.

हा फरक केवळ रीतीभातीचा नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार करारात भरपाईचा आकडा लिहिला असला तरी तो कमाल मर्यादा ठरतो. मिळते ती त्या मर्यादेतली वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयानेही 2012 साली घराच्या एका व्यवहारात हाच भेद केला: इसार म्हणून दिलेली रक्कम जप्त होऊ शकते, किमतीचा हप्ता म्हणून दिलेली नाही. मात्र इसार आहे हे करारात स्पष्ट लिहिलेलं हवं. निम्म्या बिलाला विसार म्हटल्याने मात्र ते वाजवी ठरत नाही.

एक हिशोब मांडून बघू, आकडे समजुतीपुरते. हळद आणि लग्न असं दोन दिवसांचं पॅकेज 1,00,000 रुपये. त्यात कँडिड, ट्रॅडिशनल फोटो, व्हिडिओ आणि एक अल्बम. वरचे ॲड-ऑन दोन: प्री-वेडिंग 18,000 आणि ड्रोन 7,000. एकूण 1,25,000. बुकिंगलाच निम्मे, म्हणजे 62,500 दिले. प्री-वेडिंगचं शूट होऊन फोटोही हातात आले आणि लग्नाच्या 40 दिवस आधी सोयरीक मोडली.

वरची एकच ओळ लिहिलेली असेल तर फोटोग्राफर 62,500 ठेवतो म्हणतो आणि मुलीचे वडील सगळे परत मागतात. दोघांचंही चुकतं.

आता तेच पैसे वेगळे लिहिले असते तर? विसार 15,000, परत न मिळणारा, शेवटच्या बिलात वळता. बाकी 47,500 ॲडव्हान्स. मग हिशोब सरळ होतो: विसार फोटोग्राफरकडे राहतो, झालेल्या प्री-वेडिंगचे 18,000 त्याच्या हक्काचे, आणि 29,500 परत. ड्रोनवाल्याला दिलेला विसार बुडाला तर तो या 15,000 मधूनच धरावा. तारीख अडवल्याची भरपाई आणि त्याच तारखेचा खर्च असं दोनदा कापणं बरोबर नाही. म्हणूनच ॲड-ऑनची किंमत पॅकेजमध्ये न मिसळता वेगळ्या ओळीत हवी. ‘सर्व मिळून 1,25,000’ लिहिलेल्या कोटेशनमध्ये झालेल्या प्री-वेडिंगचे किती, हे कसं ठरवणार?

फोटोग्राफरच्या बाजूनेही हे न्याय्य आहे. लग्न आठवड्यावर आलं असताना मोडलं तर 15,000 त्याला पुरत नाहीत. त्यामुळे सगळा ॲडव्हान्स बुकिंगलाच न घेता लग्नाच्या 30 दिवस आधी घ्यावा आणि त्यानंतर रद्द झालं तर पॅकेजच्या किती टक्के कापणार ते आधीच लिहावं. फोटोग्राफरनेच काम सोडलं तर विसारासह सगळं परत, हे वाक्यही ग्राहकाने आवर्जून लिहून घ्यावं. ते बहुतेक छापील कागदांवर नसतं.

तारीख पुढे ढकलणं म्हणजे रद्द करणं नव्हे. नव्या दिवशी फोटोग्राफर मोकळा असेल तर विसार एकदा पुढे नेता येईल, इतकं लिहिलं तरी चालतं.

आणखी एक बारीक गोष्ट. पैसे फोनवरून जातात, तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात घाईत ‘ॲडव्हान्स’ टाकलं जातं. पुढे कागद सापडला नाही की तोच शब्द पुरावा म्हणून पुढे येतो. विसार पाठवताना ‘विसार, तारीख अमुक’ लिहा, ॲडव्हान्स वेगळ्या व्यवहाराने पाठवा, आणि पावतीवरही दोन्हींच्या दोन ओळी करून घ्या.