30 टक्के वाढ की नुसती नाणेफेक?

‘थंबनेल बदललं आणि क्लिक थेट 30 टक्क्यांनी वाढले!’ नव्या यूट्यूबरांच्या ग्रुपवर असे स्क्रीनशॉट सारखे फिरत असतात. टक्केवारी खरी असते, पण ती किती क्लिकांवरून काढली हे कुणी विचारत नाही.

समजा, थालीपीठाच्या व्हिडिओला दोन थंबनेल केली. ‘अ’मध्ये तव्यावरचं थालीपीठ, ‘ब’मध्ये वर लोण्याचा गोळा. दोन्ही हजार-हजार वेळा लोकांपुढे आली. ‘अ’ला 40 क्लिक, ‘ब’ला 52. झाली की 30 टक्के वाढ!

आता क्षणभर असं धरू, की दोन्ही थंबनेल सारखीच आकर्षक आहेत. मग आलेल्या 92 क्लिकांपैकी प्रत्येक क्लिक कुणाच्या वाट्याला जाईल, हे छापा-काट्यानेच ठरल्यासारखं होईल. नाणं 92 वेळा उडवलं तर बरोबर 46-46 क्वचितच पडतं. फरक किती पडू शकतो याचा अंदाज एकूण क्लिकांच्या वर्गमुळावरून येतो. 92 चं वर्गमूळ सुमारे 9.6. छापा आणि काटा यांच्यात साधारण एवढं अंतर योगायोगानेही पडतं. ते याच्या दुपटीपुढे, म्हणजे 19 च्या वर गेलं, तर दखल घ्यावी. आपलं अंतर 12 आहे, आणि 12 किंवा त्याहून मोठं अंतर निव्वळ नाणेफेकीत साधारण चारातून एकदा दिसतं. (हा हिशेब दोन्ही थंबनेल सारख्याच वेळा दाखवली असतील तरच चालतो.)

त्यात आपण रोज आकडे उघडून बघतो आणि आवडतं थंबनेल पुढे दिसलं की चाचणी थांबवतो. वरची दुपटीची कसोटी लावून एकदाच बघितलं तर योगायोगाने फसण्याची शक्यता साधारण 5 टक्के असते. तीच कसोटी लावून जमणाऱ्या आकड्यांकडे दहा वेळा डोकावलं, तर ती 19 टक्क्यांवर जाते. म्हणून किती वेळा दाखवून झाल्यावर निकाल बघायचा, ते आधीच लिहून ठेवावं.

सोमवारी एक शीर्षक आणि गुरुवारी दुसरं, ही तर तुलनाच नव्हे. सुरुवातीला व्हिडिओ बहुधा सबस्क्रायबरांना दिसतो, नंतर अनोळखी लोकांना. प्रेक्षकच बदलला, तर श्रेय शीर्षकाला कसं द्यायचं? दोन्ही पर्याय एकाच काळात, चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटले गेले पाहिजेत. यूट्यूबची थंबनेल-चाचणी तेच करते आणि निकाल क्लिकांवर नाही, तर बघण्याच्या वेळेवर देते. लाल बाण आणि वासलेलं तोंड विकणाऱ्या ‘गुरूं’ना हे अडचणीचं आहे, कारण फसवं थंबनेल क्लिक मिळवतं, पण प्रेक्षक दहा सेकंदांत निघून जातो.

मग छोट्या चॅनेलने करायचं काय? क्लिकचं प्रमाण 4 वरून 5 टक्के झालं हे बऱ्यापैकी खात्रीने पकडायला प्रत्येक थंबनेल सुमारे 7 हजार वेळा दाखवावं लागतं. 4 वरून 8 टक्के झालं, तर साडेपाचशे वेळा पुरतं. म्हणून अक्षरांचा पिवळा रंग थोडा गडद करून बघण्यात अर्थ नाही. एकात नुसतं थालीपीठ आणि दुसऱ्यात भाजणी भरडणारी आजी, इतका ठळक फरक असेल तरच छोट्या आकड्यांत काही दिसण्याची आशा धरावी.